चौथ्या भागापासून सुरुवात

'स्टार वॉर्स' एकदा नीट बघायचंच, असं ठरवून बसलेला माणूस पहिल्या पायरीवरच अडतो. चित्रपटांच्या नावांपुढे क्रमांक आहेत, पण ते सालांशी जुळत नाहीत. भाग पहिला 1999 सालचा, दुसरा 2002 चा, तिसरा 2005 चा. आणि चौथा एकदम 1977 चा. पाचवा 1980 चा आणि सहावा 1983 चा. म्हणजे जो चित्रपट सगळ्यात आधी आला, त्याच्या कपाळावर चार हा आकडा. आता सुरुवात एकपासून करायची की चारपासून? घरात एखादा चाहता असेल तर तो ठामपणे एक उत्तर देतो, आणि दुसरा चाहता तितक्याच ठामपणे उलट.

आकड्यांचा हा घोळ झाला कसा, ते आधी सांगतो. 25 मे 1977 रोजी चित्रपट लागला तेव्हा त्याचं नाव नुसतं 'स्टार वॉर्स' होतं. कुठलाही क्रमांक नव्हता. 1980 मध्ये पुढचा चित्रपट आला आणि त्याच्या सुरुवातीच्या सरकत्या मजकुरात 'भाग पाचवा' असं झळकलं. मग 1981 मध्ये पहिला चित्रपट पुन्हा प्रदर्शित करताना त्यालाही 'भाग चौथा' हे बिरुद आणि 'अ न्यू होप' हे उपशीर्षक लावण्यात आलं. दिग्दर्शक जॉर्ज लुकसला सांगायचं होतं की ही गोष्ट मधूनच सुरू झाली आहे, आधी बरंच काही घडून गेलेलं आहे. ते 'आधीचं' त्याने सहाव्या भागानंतर तब्बल सोळा वर्षांनी सांगायला घेतलं. थोडक्यात, क्रमांक हे कथेतल्या घटनांचे आहेत, निर्मितीचे नाहीत.

लांबलचक मालिकांच्या चाहत्यांमध्ये यासाठी दोन शब्द रूढ आहेत. कलाकृती ज्या क्रमाने लोकांसमोर आल्या तो 'रिलीज ऑर्डर', म्हणजे प्रदर्शनक्रम. आणि कथेतल्या घटना ज्या क्रमाने घडल्या तो कालक्रम. मालिका सरळ पुढे जात असेल तर दोन्ही एकच असतात. पण लोकप्रिय मालिकेला हमखास पूर्वकथा फुटते, आणि मग वाटा वेगळ्या होतात. आसिमोव्हच्या 'फाउंडेशन'चं तसं झालं, सी. एस. लुइसच्या 'नार्निया'चं झालं, 'एक्स-मेन' चित्रपटांचं झालं. प्रत्येक ठिकाणी नवखा वाचक किंवा प्रेक्षक हाच प्रश्न विचारतो, आणि 'आधी जे घडलं ते आधी बघावं' हे उत्तर वरकरणी इतकं सरळ वाटतं की पुष्कळ जण विचार न करता तेच पत्करतात.

माझ्या मते पहिल्या खेपेला ते बहुतेक वेळा चुकीचं ठरतं. का, ते 'स्टार वॉर्स'वरूनच दाखवतो, कारण इतकी चांगली उघडी केस दुसरी सापडणार नाही. पण ते सांगताना या चित्रपटांमधली मोठी गुपितं सांगावी लागणार आहेत. ज्यांनी काहीच पाहिलेलं नाही आणि ज्यांना ती जपायची आहेत, त्यांनी इथेच थांबावं, चौथ्या भागापासून सुरुवात करावी आणि बाकीचा लेख नंतर वाचावा.

चौथ्या भागात ल्यूक स्कायवॉकर हा शेतावर वाढलेला पोरगा ओबी-वान केनोबी या म्हाताऱ्याला विचारतो, माझे वडील कसे गेले? केनोबी सांगतो, डार्थ व्हेडर नावाच्या माझ्या एका शिष्याने दगा दिला आणि तुझ्या वडिलांना मारलं. प्रेक्षकाला हे खरं वाटतं, वाटायलाच हवं. पाचव्या भागाच्या अखेरीस व्हेडर ल्यूकचा हात मनगटापासून छाटतो, त्याला एका खोल पोकळीच्या कडेला रेटतो आणि सांगतो की तुझा बाप मीच. दोन चित्रपट ज्याच्यावर सूड उगवायचा म्हणून ल्यूक झगडला तोच त्याचा बाप, आणि ज्याच्यावर त्याने विश्वास टाकला त्या केनोबीने त्याच्यापासून खरं लपवलं. एका वाक्यात मागच्या दोन्ही चित्रपटांचा अर्थ बदलतो.

हे गुपित निर्मात्यांनी किती जपलं होतं, ते बघण्यासारखं आहे. चित्रीकरणाच्या वेळी व्हेडरच्या पोशाखात डेव्हिड प्राउज होता. त्याला दिलेल्या कागदावर खोटं वाक्य होतं: तुझ्या बापाला केनोबीने मारलं. तो सेटवर तेच बोलला. ल्यूकची भूमिका करणाऱ्या मार्क हॅमिलला खरं वाक्य चित्रीकरणाच्या अगदी आधी सांगण्यात आलं, म्हणजे चेहऱ्यावर योग्य तो भाव यावा. खरं वाक्य नंतर जेम्स अर्ल जोन्सच्या आवाजात भरलं गेलं. सेटवर उभ्या असलेल्या माणसांपासूनही जे राखलं, ते कालक्रमाने बघणाऱ्याला तिसऱ्या भागातच आयतं मिळतं. तिथे अनाकिन स्कायवॉकरचा व्हेडर होताना तो डोळ्यांनी पाहतो, ल्यूक आणि लिया या जुळ्यांचा जन्म पाहतो, त्यांची नावं ठेवलेली ऐकतो. मग पाचव्या भागातला तो क्षण येतो तेव्हा बसलेला धक्का फक्त ल्यूकचा असतो. आपण नुसते वाट बघत असतो की याला कधी कळणार.

कालक्रमाच्या बाजूचे लोक इथे म्हणतात की त्यातही एक मजा आहे. केनोबी खोटं बोलतोय हे आपल्याला ठाऊक आहे आणि ल्यूकला नाही, हा ताण काही कमी मोलाचा नाही. मुद्दा तत्त्वतः बरोबर आहे, पण या चित्रपटांना तो लागू पडत नाही. कारण 1977 चा चित्रपट करताना त्यात असं काही पेरलेलंच नव्हतं. दुसऱ्या चित्रपटाच्या पटकथेचा पहिला खर्डा ली ब्रॅकेट यांनी 1978 मध्ये लिहिला. त्यात ल्यूकच्या वडिलांचा आत्मा एक स्वतंत्र पात्र म्हणून येतो. व्हेडर वेगळा, बाप वेगळा. म्हणजे तोवर कथेत ही कल्पना आलेलीच नव्हती. लियाचंही तसंच. पाचव्या भागाच्या सुरुवातीला बर्फाळ ग्रहावरच्या तळावर ती ल्यूकला ओठांवर चुंबन देते. ती त्याची बहीण आहे हे प्रेक्षकाला कळतं 1983 च्या सहाव्या भागात. तिसरा भाग आधी पाहिलेला माणूस त्या चुंबनाला नुसता अवघडतो. चित्रपटाला तिथे अवघडलेपण नको होतं, हॅन सोलोला थोडं जळवायचं होतं.

योडाचा प्रवेश मला याहून अधिक महत्त्वाचा वाटतो, कारण त्याच्याबद्दल फारसं कोणी बोलत नाही. पाचव्या भागात ल्यूक एका दलदलीच्या ग्रहावर एका थोर गुरूच्या शोधात येतो. तिथे त्याला भेटतो हिरवा, बुटका, मोठ्या कानांचा एक प्राणी. तो ल्यूकच्या सामानात उचकापाचक करतो, त्याचं खाणं चाखून थुंकतो, एका छोट्या दिव्यासाठी आर-टू या रोबोटशी झोंबाझोंबी करतो. ल्यूक वैतागतो. प्रेक्षकही वैतागतो. आणि मग झोपडीत त्या प्राण्याचा आवाज बदलतो, आणि कळतं की गुरू म्हणतात तो हाच, आणि आतापर्यंत चालली होती ती ल्यूकच्या धीराची परीक्षा. त्या परीक्षेत आपणही नापास झालेलो असतो. हा धडा लागू व्हायला आपल्याला योडा आधी माहीत असून चालत नाही. पहिल्या तीन भागांमध्ये मात्र तो परिषदेत मानाच्या जागी बसतो, दुसऱ्या भागाच्या शेवटी तलवार उपसून काउंट डूकूशी हवेत कोलांट्या मारत लढतो. ते पाहून आलेल्या प्रेक्षकासाठी दलदलीतला सगळा प्रसंग म्हणजे एका ओळखीच्या म्हाताऱ्याने उगाच केलेले चाळे.

आपल्याकडे हे सांगायला 'बाहुबली' पुरेसा आहे. 2015 साली पहिला भाग संपला तो कटप्पाने बाहुबलीच्या पाठीत तलवार खुपसली त्या दृश्यावर, आणि पुढची दोन वर्षं देशभर लोक एकच प्रश्न विचारत होते. कथेच्या काळानुसार बघायचं तर बापाची गोष्ट आधी आणि मुलाची नंतर यायला हवी. तशी जोडणी केली तर घटना एकही बदलत नाही. पण तो प्रश्न पडायला जागाच उरत नाही, आणि धबधब्याखाली वाढलेला शिवुडू नक्की कोण, हे कोडंही पहिल्या मिनिटाला सुटलेलं असतं.

मग पूर्वकथेचं काय, ती वाया गेली का? मुळीच नाही. तिचा रस निराळा आहे. कीर्तनात बुवा हरिश्चंद्राचं आख्यान लावतात तेव्हा समोरच्या प्रत्येकाला शेवट पाठ असतो, तरी डोंबाघरच्या प्रसंगाला डोळे ओले होतातच. तिथे 'पुढे काय' हा प्रश्नच नसतो, 'हे कसं झालं' एवढाच असतो. 1999 नंतरचे तिन्ही चित्रपट अशाच श्रोत्यांसाठी केलेले आहेत. पहिल्या भागातला नऊ वर्षांचा गोड अनाकिन आपल्याला चटका लावतो, तो पुढे कोण होणार हे आपल्याला माहीत असल्यामुळे. पॅल्पाटीन मृदू आवाजात त्याच्याकडे बघून म्हणतो की तुझ्या प्रगतीवर आमचं लक्ष राहील, तेव्हा अंगावर काटा येतो तो जुना सम्राट आठवतो म्हणून. ज्याने सहावा भाग पाहिलेला नाही त्याला तो एक सौम्य राजकारणी दिसतो आणि ते दृश्य निघून जातं.

संगीतात तर याचा पुरावा स्वरांमध्येच आहे. व्हेडरची ती जड पावलांची लष्करी धून जॉन विल्यम्स यांनी 1980 च्या चित्रपटासाठी रचली. 1999 मध्ये त्यांनी लहानग्या अनाकिनसाठी वेगळी, हळुवार धून केली. ती लक्ष देऊन ऐकली तर शेवटाकडे तिच्यात व्हेडरच्या धूनेचे स्वर दबक्या पावलांनी डोकावतात. पोराच्या नशिबात काय आहे ते संगीतकार सांगून टाकतो, पण ज्याच्या कानात जुनी धून आधीच बसली आहे त्यालाच. कालक्रमाने ऐकणाऱ्याला ती नुसती एक छान चाल. रचनाकाराने कोणता श्रोता गृहीत धरला आहे, हे इतक्या स्पष्टपणे क्वचितच हाती लागतं.

एक साधी, व्यवहाराची गोष्टही आहे. जी कलाकृती आधी आली ती नवख्यासाठी असते, तिला जगाची ओळख करून द्यावीच लागते. चौथ्या भागात केनोबी आपल्या घरात ल्यूकला समोर बसवतो, 'फोर्स' म्हणजे काय ते दोन वाक्यांत सांगतो, जेडाय कोण होते ते सांगतो, आणि त्याच्या वडिलांची प्रकाशतलवार हातात देतो. ल्यूकला काही माहीत नाही, आपल्यालाही नाही. दोघं एकदम शिकतो. पहिला भाग सुरू होतो तो व्यापारी मार्गांवरच्या कराच्या वादाने आणि एका ग्रहाच्या नाकेबंदीने. दोन जेडाय वाटाघाटीला येतात. जेडाय कोण, त्यांना एवढा मान का, हे समजावायची चित्रपटाला गरज वाटत नाही. प्रेक्षक बावीस वर्षं जुना आहे असं धरलेलं आहे. 'एकपासून सुरुवात केली आणि कंटाळून सोडून दिलं' असं सांगणारी माणसं भेटतात, त्यांचं गाडं बहुधा इथेच अडलेलं असतं.

'रोग वन' हा 2016 चा चित्रपट तर चौथ्या भागाच्या तोंडाशीच येऊन संपतो. चौथ्या भागात ज्या चोरलेल्या नकाशांची धावपळ आहे ते चोरले कसे, एवढीच त्याची गोष्ट. शेवटी व्हेडर एका अंधाऱ्या बोळात बंडखोरांना एकेक करून कापत पुढे येतो आणि नकाशे हातातून हातात जात लियाच्या जहाजावर पोचतात. दोन्ही चित्रपट पाठोपाठ लावून बघायचा मोह होतो. पण तसं केलं तर चौथ्या भागाची पहिली दहा मिनिटं बिघडतात. लिया व्हेडरसमोर ताठ मानेने सांगते की आम्ही राजनैतिक कामगिरीवर निघालो आहोत. 1977 च्या प्रेक्षकाला तिचं धाडस दिसलं, तिचं म्हणणं खरंही असू शकेल असं वाटलं. थोड्याच वेळापूर्वी व्हेडरने तिचं जहाज डोळ्यांदेखत निसटताना पाहिलं, हे बघून आलेल्याला तिचं बोलणं बालिश वाटतं. चूक लियाची नाही. क्रमाची आहे.

आता दुसरी बाजू. प्रदर्शनक्रम म्हणजे मूळ प्रेक्षकाने घेतलेला अनुभव जसाच्या तसा, असं समजणंही भाबडेपणाचं आहे, कारण चित्रपट स्वतःच बदलले आहेत. लुकसने 1997 मध्ये जुन्या तिन्ही चित्रपटांत नवी दृश्यं घातली, आणि 2004 च्या डीव्हीडीसाठी पुन्हा फेरफार केले. सहाव्या भागाच्या शेवटी उत्सव चालू असताना ल्यूकला तीन आत्मे दिसतात: केनोबी, योडा आणि त्याचे वडील. 1983 मध्ये वडिलांच्या जागी सेबॅस्टियन शॉ हे वयस्क नट होते. व्हेडरचं शिरस्त्राण काढल्यावर आपण ज्यांचा चेहरा पाहतो तेच. 2004 मध्ये त्यांना काढून तिथे दुसऱ्या-तिसऱ्या भागातला तरुण हेडन क्रिस्टेन्सन बसवला. आज कुठेही हा चित्रपट लावलात तर बहुधा हीच आवृत्ती मिळते. त्यामुळे 4, 5, 6 या क्रमाने येणाऱ्या नवख्याला शेवटच्या दृश्यात एक अनोळखी तरुण हसताना दिसतो, आणि तो शेजारच्याला विचारतो, हा कोण?

या अडचणीवर रॉड हिल्टन या अमेरिकी प्रोग्रॅमरने 2011 मध्ये सुचवलेला तोडगा चाहत्यांमध्ये 'मशेटी ऑर्डर' म्हणून प्रसिद्ध आहे. त्याने क्रम लावला 4, 5, 2, 3, 6. पाचव्या भागात बापाचं गुपित फुटतं. मग आपण थांबतो आणि तो बाप असा कसा झाला हे दोन चित्रपटांत बघून घेतो. तिसऱ्या भागात अनाकिन कोसळलेला पाहिल्यावर सहाव्यात ल्यूकही त्याच वाटेने जाईल का, ही भीती खरी वाटू लागते. गुपितही राहतं आणि आत्मा ओळखीचाही होतो. पहिला भाग त्याने सरळ गाळला. त्याचं म्हणणं की त्यातलं असं काहीच नाही जे दुसऱ्यात नव्याने कळत नाही. रचना म्हणून हा क्रम अतिशय देखणा आहे. तरी मी तो पहिल्या खेपेला सुचवत नाही. पाचव्या भागाच्या शेवटी हॅन सोलो गोठवलेल्या अवस्थेत शत्रूच्या हाती गेलेला असतो. त्याला सोडवायची ओढ लागलेली असताना मध्ये जवळजवळ पाच तास दुसऱ्याच माणसांची गोष्ट आली की ती ओढ सैल पडते. शिवाय लिया बहीण आहे हे गुपित तिसऱ्या भागात फुटतंच. ज्याने एकदा सगळं पाहिलं आहे आणि पुन्हा बघायचं आहे, त्याच्यासाठी याहून चांगला क्रम नाही.

'लेखकालाच विचारा ना' असाही एक उपाय कोणी सुचवेल. नार्नियाच्या बाबतीत ते घडलेलं आहे. सात पुस्तकं 1950 ते 1956 या काळात आली. पहिलं आलं ते कपाटातून बर्फाळ जगात जाणाऱ्या चार भावंडांचं. ते जग निर्माण कसं झालं हे सांगणारं 'द मॅजिशियन्स नेफ्यू' 1955 मध्ये, म्हणजे सहावं. 1957 मध्ये एका अमेरिकी मुलाने लुइसला पत्र लिहिलं, की मला कालक्रमाने वाचावंसं वाटतं आणि आईचं म्हणणं प्रकाशनाच्या क्रमाने वाच. लुइसने उत्तरात मुलाकडे कौल दिला, पण मालिका आधीपासून आखलेली नव्हती हेही सांगितलं आणि क्रमाने फारसं बिघडत नसावं असंही लिहिलं. पुढे 1994 मध्ये प्रकाशकांनी पुस्तकांवरचे क्रमांकच बदलून कालक्रमाचे केले. तेव्हापासून दुकानात संच विकत घेणारं मूल सहाव्या पुस्तकाला पहिलं समजून उघडतं. त्या पुस्तकात एका दिव्याच्या खांबाची जन्मकथा आहे. जंगलाच्या मधोमध, बर्फात, कोणी न लावलेला जळता दिवा बघून ल्यूसी थबकते, हे ज्याने आधी वाचलं आहे त्याला ती जन्मकथा वाचताना जुनं कोडं सुटल्याचा आनंद होतो. उलट क्रमाने वाचणाऱ्याला कोडंही नाही आणि आनंदही नाही. लुइसबद्दल मला फार आदर आहे, पण पत्रात त्याने जे सांगितलं त्याहून पुस्तकात जे लिहिलं ते मी प्रमाण मानतो.

असं असलं तरी कालक्रम कधीच धरू नये असं मी म्हणणार नाही. 'स्टार वॉर्स'च्याच घरात त्याचं उत्तम उदाहरण आहे. 'द क्लोन वॉर्स' ही अ‍ॅनिमेशन मालिका 2008 मध्ये एका चित्रपटाने सुरू झाली आणि मध्ये खंड पडत 2020 पर्यंत चालली. सात हंगाम, एकूण 133 भाग. पहिल्या तीन हंगामांत भाग अक्षरशः मागेपुढे सांडलेले आहेत. पहिल्या हंगामाच्या पाचव्या भागात, 'रूकीज'मध्ये, एका उजाड चंद्रावरच्या चौकीत काही नवशिके क्लोन सैनिक अडकतात. त्यांतला हेवी नावाचा सैनिक चौकी उडवून देण्यासाठी मागे राहतो आणि मरतो. मालिकेच्या क्रमाने बघताना हेवी आपल्याला वीसेक मिनिटांचाच सोबती. तो गेला याचं वाईट वाटतं, इतकंच.

हाच हेवी पुन्हा दिसतो तो जवळजवळ दोन वर्षांनी, तिसऱ्या हंगामाच्या पहिल्या भागात. तिथे तो आणि त्याचे साथीदार अजून प्रशिक्षणात आहेत, आणि सगळ्या तळावर वाईटात वाईट तुकडी म्हणून बदनाम आहेत. हेवी रात्री गुपचूप पळून जायला निघतो. त्याला अडवतो नाइन्टीनाइन, जन्मतःच व्यंग राहिल्यामुळे झाडलोट करायला ठेवलेला एक क्लोन, ज्याला लढायची संधी कधीच मिळणार नाही. तो त्याला साथीदारांपाशी परत पाठवतो. तुकडी परीक्षा पास होते, आणि निघताना हेवी आपलं पदक नाइन्टीनाइनच्या हातात ठेवतो. हा भाग आधी आणि 'रूकीज' नंतर बघून पाहा. साथीदारांना सोडून पळणारा तोच पोरगा आता त्यांच्यासाठी मागे थांबतो. दोन सुटे भाग मिळून एक पूर्ण गोष्ट होते, आणि कुठलंही गुपित फुटत नाही, कारण जपायला गुपित नव्हतंच.

या मालिकेत असं ठिकठिकाणी आहे. तुरुंगातल्या झीरोला सोडवण्यासाठी कॅड बेन सिनेटच्या इमारतीत ओलीस धरतो ते पहिल्या हंगामाच्या शेवटी, आणि त्या इमारतीचे नकाशे त्याने कसे मिळवले ते तिसऱ्या हंगामाच्या मध्यावर. निर्मात्यांना नंतर एखादा धागा सुचला, तो त्यांनी जमेल तिथे गुंफला. पुढे 'स्टार वॉर्स'च्या अधिकृत संकेतस्थळानेच सगळ्या भागांची कालक्रमाने यादी दिली. तिची सुरुवात दुसऱ्या हंगामाच्या सोळाव्या भागाने होते, मग पहिल्या हंगामाचा सोळावा, मग 2008 चा चित्रपट. विचित्र दिसते, पण ती धरून बघावी. थोडी किंमत मोजावी लागते: सुरुवातीच्या आणि नंतरच्या अ‍ॅनिमेशनच्या दर्जात फरक आहे, आणि तो मध्येच डोळ्यांत भरतो. ती मोजण्यासारखी आहे.

एकाच घरातल्या दोन गोष्टी आणि दोन उलटी उत्तरं, ती का? चित्रपटांच्या बाबतीत नंतर केलेली पूर्वकथा प्रेक्षकाच्या माहितीवर उभी आहे. ती काढून घेतली तर पूर्वकथाही पडते आणि मूळ कथाही. मालिकेच्या बाबतीत उलटसुलटपणा हा निर्मितीच्या सोयीचा आहे, सांगण्याच्या पद्धतीचा नाही. कुठल्याही नव्या मालिकेला हात घालताना एवढंच शोधायचं असतं. पुस्तकांची किंवा चित्रपटांची यादी घ्यावी आणि प्रत्येकापुढे ते आलं ते साल लिहावं. जिथे नंतरच्या सालाचं काही कथेत आधी बसतं, तिथे थांबावं आणि आधी सगळं पाहिलेल्या एका माणसाला एकच प्रश्न विचारावा: हे आधी बघितलं तर मूळ कथेतलं काही कळायला नको ते कळतं का? तपशील विचारू नये, हो की नाही एवढंच. 'हो' आलं तर प्रदर्शनक्रम. 'नाही' आलं तरी तो भाग नवख्याला आपल्या पायावर उभा वाटतो का, ते विचारावं. 'अँडोर' ही 2022 आणि 2025 मध्ये आलेली मालिका 'रोग वन'च्या आधीची गोष्ट सांगते, नंतर केलेली आहे, तरीही ती आपल्या पायावर उभी आहे. 'स्टार वॉर्स' न आवडणाऱ्या प्रौढ माणसाला मी तिथूनच सुरुवात करायला सांगेन. आणि ज्यांचे भाग एकमेकांशी जेमतेम बांधलेले आहेत अशा मालिकांत क्रमाची चिंता न करता जे हाताशी असेल ते उचलावं.

तर ज्यांनी काहीच पाहिलेलं नाही त्यांना माझं सांगणं असं. 4, 5, 6 पाहा. सहाव्याच्या शेवटी दिसणारा तरुण कोण ते लगेच कोणाला विचारू नका. मग 1, 2, 3 पाहा, आणि पहिल्या भागात जीव रमला नाही तरी सोडू नका. त्यानंतर 'रोग वन'. 'क्लोन वॉर्स'चा काळ दुसऱ्या आणि तिसऱ्या भागाच्या मधला असला, तरी ती तिसरा भाग पाहून झाल्यावरच घ्या, कारण तिचे शेवटचे चार भाग त्या चित्रपटातल्या घटनांना समांतर चालतात आणि तो पाहिला आहे असं धरूनच लिहिलेले आहेत. आणि घरातल्या मुलांना हे सगळं दाखवणार असाल, तर पाचवा भाग संपेपर्यंत 'तुझा बाप' असलं काही चुकूनही बोलू नका. व्हेडरचं ते वाक्य पहिल्यांदा ऐकायची संधी प्रत्येकाला एकदाच मिळते.